वास मागाहून येतो

मावसबहिणीने पिशवीतून उदबत्त्यांच्या पाच जुड्या काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येक जुडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर रबरबँड, आणि स्केचपेनने घातलेला आकडा, १ ते ५. "सगळं तयार आहे," ती म्हणाली. "काड्या वाळल्यात, डब्यांचं माप ठरलंय, छापखानावाला वाट बघतोय. नाव तेवढं दे."

पाकिटांवरचा मजकूर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला या 'तेवढं'ची धास्ती असते. म्हणणाऱ्याच्या मनात नाव बहुधा आधीच असतं, आपल्याकडून फक्त मान डोलवणं हवं असतं. तिच्याही वहीत यादी होतीच. दिव्य, शुद्ध, पवित्र, सात्त्विक हे चार शब्द एका बाजूला, गंध, सार, सुवास, परिमळ हे चार दुसऱ्या बाजूला, आणि त्यांची एकमेकांशी लग्नं लावून झालेली सोळा नावं. सतरावं नाव 'स्वर्गीय'ने सुरू होत होतं. ते मी मोठ्याने वाचलं आणि आम्ही दोघीही हसत सुटलो. मराठीत 'स्वर्गीय' म्हटलं की पुढे माणसाचं नाव येतं आणि फोटोला हार.

बाकीच्या सोळांवर मात्र तिला हसू येईना. "यात वाईट काय आहे? उदबत्ती देवापुढेच लावतात ना?"

वाईट काहीच नाही. अडचण अशी की ते शब्द आता कानावर पडतात, आत जात नाहीत. दुकानातल्या उदबत्तीच्या फळीपुढे पाच मिनिटं उभं राहावं. गिऱ्हाईक काय मागतं? "ती जांभळ्या डबीतली द्या." "मागच्या वेळी नेली ती, हत्तीचं चित्र होतं बघा." डबीवर मोठ्या अक्षरात काहीतरी मंगल लिहिलेलं असतं, पण ते कुणी उच्चारत नाही. जे नाव गिऱ्हाइकाच्या तोंडून बाहेरच पडत नाही, ते नावाचं काम करत नाहीये. ते काम रंग करतोय, हत्ती करतोय.

त्यातही 'शुद्ध' या शब्दाशी माझं खास भांडण आहे. तुपात दुसरं काही मिसळलं की ते अशुद्ध. सोन्यात तांबं मिसळलं की त्याचा कस उतरतो. तिथे शुद्ध शब्दाला माप आहे. उदबत्तीत काय मिसळलं म्हणजे ती अशुद्ध होते? कोळशाची पूड? मसाला धरून ठेवणारं जिगट? बांबूची काडी? उदबत्ती ही मुळातच मिसळण आहे, मिसळल्याशिवाय ती होतच नाही. नावाचंच बघा ना, उदबत्तीतला ऊद बहुतेक उदबत्त्यांमधून कधीच निघून गेला आहे, राहिली आहे ती बत्ती. अशा वस्तूला शुद्ध म्हणणं म्हणजे भेळेला शुद्ध म्हणण्यासारखं.

तिने ते मान्य केलं. पण लगेच सरळ रस्ता काढला. "मग आत जे आहे तेच लिहू. चंदनाची ती 'चंदन', मोगऱ्याची ती 'मोगरा'. खरं ते खरं."

इथे कायदा आडवा येतो, आणि तो जिथे आडवा येतो ती जागा मला नेहमी मजेशीर वाटत आली आहे. ट्रेडमार्कचा कायदा १९९९ चा. त्यातलं नववं कलम साध्या भाषेत असं सांगतं, की जो शब्द मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा मूळ ठिकाण एवढंच सांगतो, तो नोंदणीला चालत नाही, कारण तो शब्द त्या धंद्यातल्या सगळ्यांनाच लागतो. वर्षानुवर्षं वापरून तो शब्द लोकांच्या मनात एकाच मालाशी बांधला गेला असेल तर सवलत आहे, पण आज पहिली डबी छापणाऱ्याला तिचा उपयोग नाही. आणि तेच कलम पुढे असंही सांगतं, की लोकांची फसगत होईल असं चिन्हही नोंदवता येत नाही. म्हणजे उदबत्तीत चंदन असेल तर 'चंदन' हे नुसतं वर्णन, आणि चंदन नसेल तर ती फसवणूक. दोन्हीकडून दार बंद. 'शुद्ध'चीही गत तीच.

देवाधर्माच्या बाजूलाही एक कुंपण आहे. 'रामायण' हा शब्द उदबत्ती आणि धुपासाठी एकाच्याच नावावर व्हावा का, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१५ साली निकाल आला की नाही, धर्मग्रंथाच्या नावावर एकट्याची मालकी सांगता येणार नाही. मागे-पुढे दुसरा शब्द जोडून त्या नावाचा धर्मग्रंथ म्हणून असलेला अर्थच मागे पडला, तर मात्र विचार होऊ शकतो, एवढी फट न्यायालयाने ठेवली.

मावशीला, म्हणजे हिच्या आईला, या निकालाची गरजच नव्हती. तिचं म्हणणं वेगळंच होतं. "देवाचं नाव असलेला डबा टाकायचा कुठे?" तिच्या स्वयंपाकघरात खणाच्या तळाशी उदबत्तीच्या रिकाम्या डब्यांची चवड आहे. ती कात्रीने देवाचं चित्र तेवढं कापून घेते, उरलेला पुठ्ठा कचऱ्यात टाकते, आणि कापलेली चित्रं एका पुडीत जमवून ठेवते. त्या पुडीचं पुढे काय करायचं, हे तिलाही ठाऊक नाही.

तर मग काय लिहायचं? मी बहिणीला म्हटलं, "शब्द राहू देत. आधी काड्या लावू."

खोली बंद केली, पंखा बंद, आणि एका वेळी एकच काडी. प्रत्येक काडीसाठी वहीत चार रकाने आखले. पेटवण्याआधीचा वास, पेटवल्यावरच्या पहिल्या मिनिटातला, अर्धी जळल्यावरचा, आणि संपल्यावर अर्ध्या तासाने खोलीत परत येऊन घेतलेला. अट एकच, 'छान', 'प्रसन्न', 'मस्त' असले शब्द लिहायचे नाहीत. नाकाला काय आठवलं ते लिहायचं. एक काडी साधारण पाऊण तास चालते आणि मध्ये खोली मोकळी करावी लागते, त्यामुळे पाच काड्यांना आमचे दोन दिवस गेले.

पहिली वाळ्याची. न पेटवता जवळजवळ वासच नाही, कोरड्या मुळ्यांचा थोडासा. पेटवल्यावर आधी जळक्या सालीचा वास आला, तो जिगटाचा. जिगट म्हणजे झाडाच्या सालीची चिकट पूड, तिच्याच जोरावर मसाला काडीला धरून राहतो. कमी पडली की मसाल्याच्या खपल्या निघतात आणि जास्त झाली की तिचाच वास वर येतो. पुढच्या खेपेला जिगट थोडं कमी कर, असं मी समासात लिहिलं. चौथ्या रकान्यात मात्र बहिणीने लिहिलं होतं, "माठाच्या तळाचा." हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. सोळा नावांच्या यादीत असा एकही शब्द नव्हता.

दुसरी नागरमोथ्याची: "पाऊस थांबल्यावरचं अंगण, पण कुणीतरी लाकडं फोडतंय." तिसरी राळ आणि उदाची: "बाळंतिणीची खोली." चौथी चंदनाची, पाचवी मोगऱ्याची. या दोन्ही न पेटवताच घमघमत होत्या. वर्तमानपत्राला हात लावला तर बोटाला वास लागत होता, आणि कागदावर तेलकट डाग पडला होता. पेटवल्यावर वास लगेच खोलीभर झाला. अर्ध्या तासाने परत आलो तर चंदन, मोगरा दोन्ही गायब, नुसता धुराचा कुबट वास.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"दोन्हींत कंपाउंड आहे," शेवटी ती म्हणाली. कंपाउंड म्हणजे तयार सुगंधी मिश्रण. "चंदनाचं तेल परवडतं का कुणाला? आणि मोगऱ्याच्या वाळक्या पाकळ्या घालून बघितल्या मी. जळल्यावर पाचोळ्याचा वास येतो."

तिचं खरंच होतं. उदबत्तीच्या धंद्यातली ही सर्वांत अडचणीची गोष्ट असावी. मुळ्या, लाकडं, साली, डिंक, राळ यांचा वास निखाऱ्याला तोंड देतो. त्यातले काही तर तापल्यावरच खुलतात. फुलांचं तसं नाही. मोगरा ताजा असताना जो वास हवेत सोडतो तो पाकळ्या वाळता वाळताच उडून जातो, मागे राहतो तो पालापाचोळा. म्हणून बाजारातल्या फुलांच्या वासाच्या उदबत्त्या बहुतेक वेळा तयार सुगंधी मिश्रणावर चालतात. कोळशाची कोरी काडी वळायची, वाळवायची, मग डीईपी नावाच्या जवळजवळ वास नसलेल्या पातळ द्रवात मिसळलेल्या सेंटात बुडवून काढायची. त्याला धंद्यात 'डिप मारणं' म्हणतात. बहिणीने डिप मारलेलं नव्हतं, मिश्रण मसाल्यातच मळलं होतं, आणि तेवढ्यावर ती स्वतःला समजावत होती.

नाव ठेवायला बसलो आणि मालच निवडून बाजूला काढावा लागला, असं माझ्या बाबतीत पुष्कळदा झालं आहे. 'दिव्य'चा हाच तर फायदा असतो. पाचही काड्यांवर ते सारखंच बसतं आणि कुठल्याच काडीला प्रश्न विचारत नाही. 'माठाच्या तळाचा' हे मोगऱ्याच्या काडीवर चिकटवता येत नाही.

थोडी बाचाबाची झाली, कारण चंदन तिची सर्वांत जास्त खपणारी काडी होती. शेवटी ठरलं की 'नैसर्गिक' म्हणून जी मालिका निघेल तिच्यात तीनच काड्या, आणि चौथी कापूरकाचरीची करून बघायची.

आता नाव. चौथा रकाना पुन्हा वाचला तेव्हा तिन्ही काड्यांमधली एक सारखी गोष्ट दिसली. डबीत नाक घातलं तर वास अगदी बेताचा, आणि काडी संपून गेल्यावर खोलीत तो उरलेला. म्हणजे दुकानात डबी उघडून हुंगणाऱ्याला ही काडी फिकी वाटणार. तिचं वेगळेपण जे आहे ते काडी संपल्यावर कळणार. नाव यातूनच यायला हवं, एवढं नक्की झालं.

मी लिहिलं, 'विझल्यावर'. मला ते फार आवडलं, अजूनही आवडतं. उदबत्तीच्या फळीवर हा शब्द दिसला तर माणूस थबकेल.

मावशी थबकलीच. "अगं, देवापुढच्या गोष्टीला विझणं म्हणतात का?"

मीच विसरले होते. आपल्याकडे दिवा विझवत नाहीत, मालवतात किंवा शांत करतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. दुकानसुद्धा रात्री बंद होत नाही, तेही वाढवतात. जे सरतं त्याला सरणारं म्हणायचं नाही अशी या भाषेची रीत आहे, आणि ती रीत सर्वांत घट्ट कुठे असेल तर देव्हाऱ्यापुढे. देवादिकांचे शब्द टाळायचे म्हणजे देवघरात अभद्र वाटणारा शब्द आणून ठेवायचा असं नव्हे. चमकदार नावांच्या नादात मी हे एकदाच नव्हे, बऱ्याचदा केलं आहे.

मग 'मागाहून'. वास मागाहून येतो. अभद्र नाही, कुणी वापरलेला वाटत नाही, उच्चाराला सोपा. आम्ही दोघी खूश. कुठलंही नाव पक्कं करण्याआधी मी एक चाचणी घेते. एकाने दुकानदार व्हायचं, दुसऱ्याने गिऱ्हाईक, आणि माल मागायचा. मी गल्ल्यामागे बसले. बहीण आली आणि म्हणाली, "दोन डब्या मागाहून द्या."

मी म्हटलं, "आणि पैसे?"

"तेही मागाहूनच," ती म्हणाली, आणि 'मागाहून' तिथेच बाद झालं. कागदावर सुंदर दिसणारं नाव वाक्यात घातलं की असं दगा देतं. क्रियाविशेषणं तर हमखास. दुकानात मागायला नाम लागतं, ज्याला 'एक' किंवा 'दोन' लावता येईल असं.

'ओसरी' त्यानंतर आलं, आणि आलं ते आडवाटेने. तिसऱ्या रकान्यात मी कुठेतरी "धूर कमी, वास हळूहळू ओसरतो" असं लिहून ठेवलं होतं. ओसरतो, ओसरी. पाऊस ओसरतो, गर्दी ओसरते, आणि घराची ओसरी, धड घरात नाही आणि धड बाहेरही नाही. आतला वास बाहेर जाताना जिथे घटकाभर टेकतो ती जागा. मी हे बहिणीला समजावून सांगू लागले तर ती म्हणाली, "समजावून सांगावं लागलं तर चांगलं नाही, असं तूच म्हणतेस ना?"

म्हणते. पण समजावणं वेगळं आणि सापडणं वेगळं. 'ओसरी' ऐकणाऱ्याला घराचा एक तुकडा आठवला तरी पुरे. ओसरण्याचा अर्थ ज्याला सापडेल त्याला सापडो, डबीवर तो लिहायचा नाही. एक शंका मात्र मलाही होती. जुनं घर, वाडा, चौक, झोपाळा यांची आठवण विकणं हेही आता 'दिव्य'च्या वाटेला लागलं आहे. म्हणून मी तिच्याकडून कबूल करून घेतलं की डबीवर कौलारू घराचं चित्र नको, पितळी दिवा नको, नथ घातलेली बाई तर मुळीच नको. शब्द एकटाच उभा राहू दे.

गल्ल्याची चाचणी पुन्हा घेतली. "एक ओसरी द्या." चाललं. फोनवर चाचणी घेतली, कारण तिची बरीच मागणी फोनवरून येते. मावशीने पलीकडच्या खोलीतून ऐकलं आणि 'ओवरी' लिहिलं. ओवरी देवळाभोवतीची, म्हणजे चुकूनही आपण देवळातच जाऊन पोचलो. 'स'वर थोडा जोर देऊन म्हणायचं, असं ठरलं.

मालिकेतल्या काड्यांना वेगळी गोड नावं द्यायची का, यावर फार वेळ घालवला नाही. ओसरीनंतर पडवी, माजघर, परसदार अशी रांग लावता आली असती आणि कागदावर ती दिसलीही छान असती. पण गिऱ्हाइकाला 'माजघर'मधून राळ-ऊद ओळखायला लावणं हा उगाच छळ आहे. एकच नाव वेगळं असावं, त्याच्याखाली साधं वर्णन. 'ओसरी', आणि खाली लहान अक्षरात 'वाळा'. 'ओसरी', खाली 'नागरमोथा'. जो शब्द नोंदवायचा तो वरचा, आणि जो सगळ्यांचा आहे तो खालचा, फक्त माहितीसाठी. उद्या पाचवा वास आला तर नवं नाव शोधत बसायला नको.

नोंदणीचं काम तिने एका एजंटाकडे दिलं. त्याआधी सरकारी संकेतस्थळावर आपण स्वतः शोध घेऊ शकतो, तो मी तिला करून दाखवला. नोंदणीसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात. उदबत्त्या त्यातल्या तिसऱ्या वर्गात येतात, आणि त्याच वर्गात साबण, अत्तरं, सौंदर्यप्रसाधनंही येतात. म्हणजे आपल्या नावाची टक्कर उदबत्तीशीच होईल असं नाही, एखाद्या साबणाशीही होऊ शकते. नुसता `OSARI` टाकून थांबायचं नाही, `OSRI`, `OSAREE` हेही बघायचं, आणि उच्चारावरून शोधण्याचा जो `Phonetic` पर्याय असतो तोही. सारखा ऐकू येणारा शब्दही नोंदणीला अडवू शकतो. शिवाय या शोधात काही सापडलं नाही म्हणजे मैदान मोकळं असं नव्हे. नोंदणी न करता वर्षानुवर्षं नाव वापरणारा कुणी कुठेतरी असू शकतो, आणि त्याचा हक्क आधीचा ठरू शकतो. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४५०० रुपये. अर्ज मान्य होऊन जर्नलमध्ये छापून आला की चार महिने कुणालाही हरकत घेता येते. म्हणून यादीत दोन नावं राखीव ठेवली आहेत. ती इथे लिहीत नाही.

डबीच्या पाठीमागे पहिल्यांदा तिने परत 'निसर्गाच्या कुशीतून' सुरू केलं होतं. ते खोडून आम्ही जे लिहिलं ते असं: "डबीत वास कमी येईल. काडी संपल्यावर अर्ध्या तासाने खोलीत परत या." खाली घटक, बांबूची काडी आणि कोळशाच्या पुडीसकट. कोळसा लिहायला ती तयार नव्हती. "लोक म्हणतील, कोळसा नैसर्गिक कसा?" म्हणू देत, विचारतील तरी. 'शुद्ध' लिहिलं असतं तर तेही विचारलं नसतं.

काल तिचा फोन आला. छपाईचा नमुना आला आहे, 'ळ'ची गाठ फार बारीक छापली गेली आहे आणि 'वाळा' लांबून 'वाठा' दिसतोय, तेवढं बघ म्हणाली. मग जरा थांबून, "आणि ते मोगऱ्याचे शंभर पुडे पडलेत गं. त्यांचं काय करू?"

"'मोगऱ्याच्या वासाची उदबत्ती' असं लिही आणि वीक," मी म्हटलं. "ओसरीत घेऊ नकोस."